गाडी त्यांनी रद्द केली, मग तिकीट आपण का रद्द करायचं?

दिवाळी झाली की आमच्या दिग्रस, दारव्हा, आर्णी, पुसद भागातून पुण्याकडे परतणाऱ्यांची रांग लागते. शकुंतला रेल्वे थांबली त्याला वर्षं झाली आणि वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेमार्गाचं काम अजून चालूच आहे. त्यामुळे पुण्याच्या कारखान्यात, दवाखान्यात, हॉस्टेलवर परत जायचं तर बहुतेकांना ट्रॅव्हल्सशिवाय पर्याय नसतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत फोन येतो, "भाऊ, आजची गाडी नाही निघत."

पुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं असतं. "तुम्ही असं करा, अ‍ॅपवरून तिकीट कॅन्सल करून टाका. पैसे वापस येऊन जातीन."

हे वाक्य ऐकून माझ्या मावसभावाने बटण दाबलं आणि ३,६९० रुपयांतले १,८९० रुपये एका मिनिटात गमावले. त्याच गाडीत तिकीट असलेल्या आमच्या शेजारच्या गावच्या एका मुलीने ते बटण दाबलं नाही. ती त्याच रात्री पुण्याला निघाली, शिवाय फरकाचे पैसे घेऊन. दोघांची गाडी एक, मालक एक, अ‍ॅपही एकच होतं. दोघांत फरक कशामुळे पडला, ते या लेखात उलगडून सांगतो.

माघार कोणी घेतली?

सोयाबीन काढणीच्या दिवसांत आपण मळणीयंत्रवाल्याला इसार देतो. ठरल्या दिवशी तो आला नाही, तर इसार परत मागायला आपल्याला लाज वाटत नाही, आणि त्यालाही देणं भाग असतं. पण त्याचा फोन आला, "जमत नाही, तुम्हीच नको म्हणून कळवा," आणि आपण चार लोकांसमोर "राहू द्या, नको" म्हणून बसलो, तर उद्या तो म्हणेल, नको तर तुम्हीच म्हणालात, मी दुसऱ्याचं काम सोडून थांबलो होतो.

तिकिटाचंही असंच आहे. अ‍ॅपच्या नोंदीत तिकीट दोन प्रकारे रद्द होतं. एक, प्रवाशाने रद्द केलं. दुसरं, गाडीवाल्याने फेरी रद्द केली. पहिल्या प्रकारात रद्दीकरणाची कपात लागते. ती किती लागेल हे तिकिटावरच छापलेलं असतं आणि सुटण्याची वेळ जवळ येईल तशी ती वाढत जाते. मावसभावाच्या तिकिटावर शेवटच्या बारा तासांत अर्धं भाडं कापलं जाईल असं लिहिलं होतं. दुसऱ्या प्रकारात कपातीचा प्रश्नच येत नाही, कारण सेवा देणाऱ्यानेच सेवा दिलेली नाही.

आता गाडीवाला आपल्यालाच रद्द करायला का सांगतो? कधी त्याला खरोखर वाटतं की पैसे तसेच लवकर मिळतील. ऑफिसात फोनवर बसवलेल्या पोराला नियमच माहीत नसतात. पण बऱ्याचदा कारण वेगळं असतं. गाडीवाल्याने फेरी रद्द केल्याची नोंद झाली, तर अ‍ॅपवाले त्याच्याकडून दंड घेतात किंवा त्याचं नाव यादीत खाली ढकलतात. प्रवाशाने रद्द केल्याची नोंद झाली, तर दंड नाही आणि कपातीच्या पैशातला वाटाही मिळतो. म्हणजे चाळीस प्रवाशांना फोन करून "तुम्हीच कॅन्सल करा" म्हणणं त्याच्या फायद्याचं आहे.

म्हणून पहिली गोष्ट: तो फोन आला की बटणाला हात लावायचा नाही. त्या मुलीने फोनवर एवढंच म्हटलं, "मी नाही करत कॅन्सल. गाडी तुम्ही रद्द केली न, तर तुमच्याकडूनच रद्द करा आणि मला मेसेज पाठवा." पलीकडचा थोडा चिडला, पण पाऊण तासाने तिच्या फोनवर मेसेज आला की गाडीतल्या बिघाडामुळे आजची फेरी रद्द. पुढे मावसभावालाही त्याच मेसेजचा आधार मिळाला.

पैसे मागायचे कोणाकडे?

इथे लोक सगळ्यात जास्त फिरतात. अ‍ॅपवाला म्हणतो मालकाशी बोला, मालक म्हणतो पैसे अ‍ॅपकडे आहेत, आणि स्टँडसमोरचा बुकिंगवाला म्हणतो माझ्या हातात काही नाही.

बाजार समितीतला अडत्या आठवा. माल घेतो व्यापारी, पण शेतकऱ्याचा हिशोब असतो अडत्याशी. पट्टी त्याच्याकडूनच मिळते. अडत्याने "व्यापाऱ्याने मला दिले नाहीत, त्याच्याकडे जा" म्हटलं तर आपण ऐकून घेत नाही. बुकिंग अ‍ॅप हा असाच अडत्या आहे. गाडी त्याची नाही हे खरं, पण पैसे त्याने घेतले आणि तिकीट त्याच्या नावाने आलं. म्हणून तिकिटाचे पैसे ज्याला दिले त्याच्याकडेच मागायचे. अ‍ॅपला दिले तर अ‍ॅपकडे, बुकिंगवाल्याला रोख दिले तर बुकिंगवाल्याकडे. मालकाला मात्र दोन्ही वेळेस लेखी कळवायचं, कारण गाडी रद्द झाल्याची कबुली त्याच्याकडूनच मिळायची असते, आणि दुसरी गाडी देणाराही तोच असतो.

अ‍ॅपवाल्याचं "आम्ही फक्त मध्यस्थ" हे म्हणणं तिथेच संपत नाही. ऑनलाइन विक्रीसाठी केंद्र सरकारचे २०२० चे नियम आहेत आणि ते वस्तूंइतकेच सेवांनाही लागू आहेत. त्यानुसार प्रत्येक अ‍ॅपला तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचं नाव आणि संपर्क दाखवावा लागतो. त्या अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. त्याच नियमांत आणखी एक कलम आहे, जे फार थोड्यांना माहीत असतं. अ‍ॅपने स्वतःहून व्यवहार रद्द केला तर तसंच शुल्क ते स्वतः सोसत असेल, तरच त्याला ग्राहकाकडून रद्दीकरण शुल्क लावता येतं. एकाच बाजूने शुल्क लावण्याला नियमांची मान्यता नाही. तक्रारीत हे वाक्य लिहिलं की उत्तराचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिलं आहे.

कस्टमर केअरवरचा पहिला माणूस आणि हा अधिकारी वेगळे असतात. पहिल्याकडे समोरच्या पडद्यावर जेवढं दिसतं तेवढंच वाचण्याचा अधिकार असतो. पडद्यावर "प्रवाशाने रद्द केले" असं असेल, तर तो दहा वेळा तेच सांगणार. त्याच्याशी भांडून उपयोग नाही. तक्रार क्रमांक घ्यायचा आणि वरच्या माणसाला लिहायचं.

"दुसऱ्या गाडीत बसवतो" म्हणाले तर

त्या मुलीला सोमवारी रात्री पुण्यात दवाखान्यात ड्युटी होती. तिला पैशांपेक्षा पुण्याला पोहोचणं महत्त्वाचं होतं. मालकाच्या माणसाने तिला सांगितलं, रात्री नऊला पुसदहून दुसरी गाडी आहे, सीट देतो, पुसदपर्यंत तुम्ही या. तिचं मूळ तिकीट होतं दिग्रसहून स्लीपरचं, १,८०० रुपयांचं. पुसदच्या गाडीत बसून जायची सीट होती आणि त्या सीटचं भाडं अ‍ॅपवर १,२५० रुपये दिसत होतं.

अशा वेळी घाईत लोक "बरं" म्हणून निघतात आणि गाडीत बसल्यावर फरक मागतात. तोपर्यंत मागण्यातला जोर गेलेला असतो. शिवाय एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: दिलेल्या दुसऱ्या गाडीत बसलो, की मूळ तिकिटाचे पूर्ण पैसे मागण्याचा मुद्दा संपतो. मग उरतो तो फक्त फरक. म्हणून बोलणी बसण्याआधी करायची आणि तीन गोष्टी मेसेजवर घ्यायच्या: गाडीचा नंबर व सीट क्रमांक, कुठून किती वाजता बसायचं, आणि भाड्याचा फरक कोण, कधी, कसा देणार.

तिने लिहिलेला मेसेज मी जवळपास तसाच देतो, कारण यापेक्षा सोपं लिहिता येणार नाही:

"आपण आज दुपारी फोनवर दिग्रस-पुणे गाडी रद्द झाल्याचं सांगितलं. आपण देत असलेल्या पुसदच्या गाडीने मी जायला तयार आहे. माझं तिकीट १,८०० रुपयांचं स्लीपरचं आहे, ही सीट १,२५० रुपयांची आहे. फरकाचे ५५० रुपये आणि पुसदपर्यंतचं भाडं गाडीत बसण्याआधी द्यावं. गाडी नंबर आणि सीट नंबर पाठवावा. हे मान्य नसेल तर माझे पूर्ण १,८०० रुपये परत करावेत."

शेवटच्या वाक्यामुळे समोरच्याला दोन दरवाजे दिसतात आणि त्यातला एक निवडावा लागतो. मालकाने फरकाचे ५५० रुपये फोनवरून पाठवले. पुसदपर्यंतच्या काळीपिवळीचे पैसे दिले नाहीत. तिने ते सोडून दिले, आणि मला वाटतं बरोबर केलं. सत्तर-ऐंशी रुपयांसाठी नऊची गाडी घालवण्यात अर्थ नव्हता.

बोलणीच्या वेळी एक गोष्ट तपासून पाहण्यासारखी आहे. रद्द झालेली गाडी अ‍ॅपवर शोधायची. त्याच मालकाची, त्याच वेळेची गाडी अजून विकायला दिसत असेल, आणि भाडं वाढलेलं असेल, तर गाडी बिघडलेली नाही. आधी स्वस्तात विकलेली तिकिटं काढून महागात विकणं चालू आहे. त्या पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, त्यात तारीख-वेळ दिसली पाहिजे. असा फोटो हातात असला की मालक आवाज चढवत नाही.

भाड्याचाही एक नियम इथे कामी येतो. राज्य सरकारच्या २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयानुसार खासगी बसला त्याच प्रकारच्या एसटी बसच्या दर किलोमीटर भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. म्हणून दुसरं तिकीट घेताना त्या मार्गाचं एसटीचं भाडं बघून ठेवायचं. दीडपटीच्या वर असेल तर तिकीट जपून ठेवून परिवहन कार्यालयात तक्रार करता येते. ही तक्रार वेगळी असते. तिच्याने आपला रद्द झालेल्या तिकिटाचा परतावा येत नाही, पण मालकाच्या परवान्यावर तिचा परिणाम होऊ शकतो आणि हे त्यालाही माहीत असतं.

आधीच बटण दाबलं असेल तर?

मावसभावाचं हेच झालं. दोन तिकिटं, प्रत्येकी १,८००, वर अ‍ॅपचं शुल्क ९० रुपये, एकूण ३,६९०. त्याने दुपारी रद्द केलं आणि खात्यात १,८०० जमा होणार असा मेसेज आला. नवी तिकिटं दुसऱ्या दिवशीची मिळाली, प्रत्येकी २,६०० रुपयांची.

बटण दाबल्याने हक्क संपत नाही, पण पुरावा आपल्याला गोळा करावा लागतो. नोंद आपल्या विरुद्ध असते, म्हणून गाडी खरोखर मालकानेच रद्द केली होती हे दाखवावं लागतं. त्यासाठी आम्ही तीन गोष्टी केल्या.

पहिली, फोनमधल्या कॉलच्या यादीचा फोटो. मालकाच्या ऑफिसचा फोन २ वाजून ४१ मिनिटांनी आला होता आणि तिकीट २ वाजून ५० मिनिटांनी रद्द झालं होतं. नऊ मिनिटांतला हा क्रम स्वतःच बरंच सांगतो.

दुसरी, मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा मेसेज: "काल आपण फोन करून गाडी रद्द झाल्याचं सांगितलं होतं. गाडीला काय झालं होतं?" यात आरोप नाही, पैशांची मागणीही नाही. उत्तर आलं, "गाडी खराब झाली होती." चार शब्दांत कबुली मिळाली, तीही लेखी. मागणीचा मेसेज आधी गेला असता तर हे उत्तर आलं नसतं. म्हणून क्रम महत्त्वाचा आहे, आधी विचारायचं, मागायचं नंतर.

तिसरी, सहप्रवासी. त्या मुलीला फेरी रद्द झाल्याचा जो मेसेज आला होता त्याचा फोटो आम्ही घेतला. एकाच गाडीच्या एका तिकिटावर "फेरी रद्द" आणि दुसऱ्यावर "प्रवाशाने रद्द केले" अशी नोंद असेल, तर दुसरी नोंद कशी झाली हे अ‍ॅपला तपासावंच लागतं. म्हणून स्टँडवर थांबलेल्या लोकांचे नंबर घेऊन ठेवायचे.

कस्टमर केअरचं उत्तर ठरलेलंच आलं, नोंदीप्रमाणे आपण रद्द केलं आहे. मग तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. त्यात तिकीट क्रमांक, घडलेला क्रम, तीन फोटो, आणि नेमकी रक्कम: "३,६९० पैकी १,८०० मिळाले, १,८९० बाकी आहेत, ते ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात द्यावेत." पोच दुसऱ्या दिवशी आली. आठ दिवस हालचाल नव्हती म्हणून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ या नंबरवर, तक्रार नोंदवली. तिथे मराठीत बोलता येतं आणि फोन मोफत आहे. ही हेल्पलाइन न्यायालय नाही, ती कोणाला हुकूम देऊ शकत नाही. ती तक्रार कंपनीकडे पाठवते आणि उत्तर मागते. तरी कंपनीच्या आत तो कागद वेगळ्या टेबलावर जातो. सतराव्या दिवशी १,८०० रुपये आले. शुल्काचे ९० आले नाहीत.

कूपन घ्यायचं का?

मधे एकदा अ‍ॅपने सुचवलं होतं की पैसे त्यांच्या वॉलेटमध्ये टाकतो, शिवाय वर शंभर रुपये. वॉलेट म्हणजे त्या अ‍ॅपपुरतं खातं, ज्यातले पैसे फक्त तिथेच खर्च होतात आणि बहुधा मुदतीत. वर्षाला दोनदा प्रवास करणाऱ्या माणसाचे पैसे तिथे पडून मरतात. पुढच्या आठवड्यात त्याच अ‍ॅपवरून तिकीट काढायचंच असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर "ज्या खात्यातून गेले त्याच खात्यात" हा आग्रह सोडायचा नाही.

पण "त्याच खात्यात" म्हणताना आपल्या गावांतली एक अडचण ध्यानात घ्यायला हवी. अनेकांचं तिकीट ई-सेवा केंद्रातला पोरगा काढून देतो. आपण त्याला रोख देतो, तो आपल्या फोनवरून भरतो. मग परतावा त्याच्या खात्यात जातो, मेसेजही त्यालाच येतो. आमच्याच गल्लीतल्या एका आजोबांचे पैसे चार दिवसांत परत आले होते, आणि आजोबा महिनाभर अ‍ॅपला शिव्या देत होते. केंद्रवाल्याची नियत वाईट नव्हती. दिवसाला पन्नास व्यवहारांत त्याला कळलंच नाही. म्हणून तिकीट काढताना मोबाइल नंबर आपला द्यायचा, त्याच्याकडून पैसे घेतल्याची पावती घ्यायची, आणि परतावा मागण्याआधी पैसे कोणाच्या खात्यातून गेले होते ते बघायचं.

"आम्ही पाठवले, तुमच्या बँकेत अडकले असतील" हे उत्तर आलं तर अ‍ॅपकडून परताव्याचा संदर्भ क्रमांक मागायचा. यूपीआयच्या व्यवहारात तो बारा आकडी असतो आणि त्याला आरआरएन म्हणतात. तो नंबर दिला की बँकेतला माणूस पैसे आले की नाहीत ते शोधू शकतो. नंबर देत नसतील, तर बहुतेक वेळा पैसे निघालेलेच नसतात.

आणि कस्टमर केअरचा नंबर कधीही गुगलवर शोधून लावायचा नाही. तो तिकिटावरचा किंवा अ‍ॅपच्या आतलाच घ्यायचा. परताव्याच्या नावाने फसवणारे खोटे नंबर तिथे टाकून बसलेले असतात. पैसे येण्यासाठी पिन टाकावा लागत नाही. कोणी पिन, ओटीपी किंवा फोनचा पडदा दाखवणारं अ‍ॅप मागितलं की फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवायचं.

"पण पूर आला तर मालकाचा काय दोष?"

हा प्रश्न रास्त आहे. पैनगंगेला पूर आला, रस्ता बंद झाला, गाडी निघाली नाही. यात मालकाने काही चूक केली नाही.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. परतावा आणि भरपाई. परतावा म्हणजे आपण दिलेले पैसे. भरपाई म्हणजे गाडी न आल्याने झालेलं नुकसान, जसं महागडं दुसरं तिकीट किंवा बुडालेली मजुरी. दोष नसेल तर भरपाई मिळणं अवघड आहे आणि ते न्याय्यही आहे. पण सेवा दिलीच नाही तर तिचे पैसे ठेवून घेता येत नाहीत, दोष असो वा नसो. १८७२ च्या भारतीय करार कायद्यातच हे आहे: ठरलेलं काम अशक्य झालं, तर त्यापोटी मिळालेला लाभ परत करावा लागतो. मंडपवाल्याचा मंडप वादळात उडाला तर त्याच्यावर रागावता येणार नाही, पण न घातलेल्या मंडपाचे पैसे तो मागू शकत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात प्रवासी वाहतूक ही सेवाच धरली आहे. पावतीवर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत, त्रुटी असलेल्या सेवेचे पैसे परत न करणं ही त्या कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरते. हे तीस दिवस मालकाला लिहिताना सांगायचे.

एसटी आणि रेल्वेचं काय?

तिथे घासाघीस कमी आहे, नियम ठरलेले आहेत. रेल्वेने गाडी पूर्ण रद्द केली तर ऑनलाइन तिकिटाचे पैसे आपोआप परत येतात, आपण काही करायचं नाही. खिडकीवर काढलेलं तिकीट मात्र गाडीच्या ठरलेल्या वेळेपासून तीन दिवसांत खिडकीवर परत द्यावं लागतं. बडनेरा किंवा वर्ध्याहून गाडी तीन तासांहून जास्त उशिरा असेल आणि जायचं नसेल, तर पूर्ण पैसे मिळतात, पण एका अटीवर: गाडी प्रत्यक्ष सुटण्याआधी तिकीट परत द्यायचं, किंवा ऑनलाइन असेल तर टीडीआर म्हणजे परताव्याचा अर्ज भरायचा. तिथेही साधं रद्द करण्याचं बटण दाबलं की कपात लागते.

एसटीने फेरी रद्द केली तर आरक्षणाच्या खिडकीवर किंवा आगारात तशी नोंद करून घ्यायची आणि पूर्ण परतावा मागायचा.

आयोगात जायचं का?

परतावा आला, पण मावसभावाचा फरक राहिला. नवी दोन तिकिटं ५,२०० ची, जुनी ३,६०० ची, फरक १,६००. गाडी बिघडली हे मालकाने मान्य केलं होतं. पण मावसभावाला दुसरी गाडी त्याने दिलीच नव्हती, नुसतं "कॅन्सल करा" म्हटलं होतं. म्हणून ही मागणी मालकाकडे केली.

जिल्हा ग्राहक आयोगात यवतमाळलाच तक्रार करता येते, मालकाचं ऑफिस पुण्यात असलं तरी. ग्राहक जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकील लागत नाही, e-jagriti.gov.in वरून घरबसल्या दाखल करता येते आणि घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते. मात्र वेळ लागतो. सोळाशे रुपयांसाठी तारखा सांभाळणं सगळ्यांना जमत नाही, आणि हे गाडीवाल्यांनाही पुरेपूर माहीत असतं. म्हणून आम्ही तक्रार दाखल करण्याआधी नोटीस पाठवली. नोटीस म्हणजे वकिलाच्याच कागदावर लिहिलेलं काही असावं लागत नाही. साध्या कागदावर काय घडलं, किती रक्कम, किती दिवसांत, आणि न दिल्यास आयोगात तक्रार करू, एवढं लिहून स्पीड पोस्टाने पाठवलं. पंधरा दिवसांची मुदत दिली.

बाराव्या दिवशी मालकाच्या माणसाचा फोन आला, हजार रुपये देतो, विषय संपवा. सोबत एक कागद पाठवला, त्यावर लिहिलं होतं, "माझी कोणतीही तक्रार नाही, सर्व रक्कम मिळाली." मी मावसभावाला म्हटलं, हजार घ्यायचे की सोळाशेसाठी थांबायचं हे तू ठरव, पण या कागदावर सही करू नकोस, कारण त्यात अ‍ॅपकडचे ९० रुपयेही बुडतात आणि न मिळालेली रक्कम मिळाली असं लिहिलं जातं. त्याने हजार घ्यायचं ठरवलं. कागद बदलून घेतला: "रद्द झालेल्या फेरीमुळे घ्याव्या लागलेल्या दुसऱ्या तिकिटांच्या फरकापोटी आपल्याकडून १,००० रुपये मिळाले. या फरकाबाबत आपल्याविरुद्ध माझी पुढे मागणी नाही."

पैसे खात्यात जमा झाल्याचा मेसेज आल्यावरच त्याने त्यावर सही केली, आणि ९० रुपयांचा मेल अ‍ॅपच्या अधिकाऱ्याला त्याच संध्याकाळी पुन्हा गेला.